३ जूनचा आकडा जुलैत का बदलतो?

समजा, एक ऑनलाइन शिकवणी संस्था गूगल अ‍ॅड्सवर जाहिरात करते. ३ जूनला तिने ४०,००० रुपये खर्च केले. ४ जूनच्या सकाळी अहवालात आदल्या दिवसासमोर १० प्रवेश दिसतात, म्हणजे एका प्रवेशाला ४,००० रुपये पडले. १० जूनला तोच दिवस उघडला तर १६ प्रवेश आणि २,५०० रुपये. ४ जुलैला २० प्रवेश आणि २,००० रुपये. खर्च तेवढाच, दिवस तोच, आणि यातला एकही आकडा चुकीचा नाही.

गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या रकान्यात प्रवेश किंवा खरेदी, म्हणजे कन्व्हर्जन, ज्या दिवशी झाले त्या दिवसाला लागत नाही. ज्या क्लिकमुळे ते झाले, त्या क्लिकच्या दिवसाला लागते. ३ जूनला जाहिरातीवर क्लिक केलेल्या पालकाने घरी विचारून २० जूनला फी भरली, तर तो प्रवेश ३ जूनच्या खात्यात जमा होतो. अशी वाट साधारणपणे ३० दिवस पाहिली जाते आणि जाहिरातदाराला ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. खर्च आणि त्याचे फळ एकाच ओळीत यावे म्हणून ही पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. प्रत्यक्ष घडल्याच्या तारखेनुसार मोजणारे रकानेही गूगल देते, पण त्यात ३ जूनच्या खर्चाशेजारी मे महिन्यातल्या क्लिकचे प्रवेश बसतात.

संस्था हे आकडे रोज रात्री गूगलकडून ओढून आपल्या डेटा वेअरहाउसमध्ये साठवते. ओढण्यापासून अहवालापर्यंतच्या या साखळीला पाइपलाइन म्हणतात. ती फक्त 'कालचा दिवस' आणून थांबली, तर वेअरहाउसमधला ३ जून कायम १० प्रवेशांवर अडकतो. मग जाहिरातीचे काम पाहणारा माणूस गूगलच्या पडद्यावर २० बघतो, हिशेब पाहणारा अहवालात १० बघतो, आणि दोघांचा एकमेकांच्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

म्हणून दर रात्री मागचे दिवसही पुन्हा आणावे लागतात. मुदत ३० दिवसांची असेल, तर मागचे ३५ दिवस घ्यावेत. फी भरल्याची नोंद संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेतून गूगलकडे उशिरा पोचते, त्यासाठी वरचे पाच दिवस. आठवड्यातून एकदा आणखी खोलवर जाऊन ९० दिवस तपासलेले बरे. गूगल बिगक्वेरीची तयार सेवा वापरणाऱ्यांनी तिची सेटिंग मुद्दाम पाहावी. ती आपणहून मागचे ७ दिवसच ताजे करते आणि वाढवली तरी ३० पर्यंतच जाते.

आणलेले आकडे जुन्यांवर बसवताना खरी ठेच लागते. सोपी वाटणारी रीत अशी, की नवी ओळ जुनीशी जुळली तर बदलायची, न जुळली तर घालायची. आता समजा, त्या २० विद्यार्थ्यांपैकी दोघांनी प्रवेश रद्द करून पैसे परत घेतले आणि संस्थेने गूगलला ते प्रवेश मागे घ्यायला कळवले. खरा आकडा १८ झाला. एका छोट्या मोहिमेत त्या दिवशी हे दोनच प्रवेश असतील, तर प्रवेश-प्रकारानुसार फोडलेल्या अहवालात तिचा आकडा शून्य होतो, आणि शून्याची ओळ गूगल पाठवतच नाही. न आलेली ओळ कशाशीच जुळत नाही. म्हणून वेअरहाउसमधली जुनी २ ची ओळ तशीच राहते आणि बेरीज २० च भरते. यंत्रणा कुठलीही त्रुटी दाखवत नाही.

यावर उपाय म्हणजे ओळी जुळवत बसू नये, त्या तारखांचे सगळे काढून सगळे नव्याने घालावे, आणि दोन्ही कामे एकाच व्यवहारात करावीत, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही उरणार नाही:

```sql
BEGIN TRANSACTION;
DELETE FROM ads_daily
WHERE click_date BETWEEN '2025-05-30' AND '2025-07-03';
INSERT INTO ads_daily
SELECT * FROM ads_staging;
COMMIT TRANSACTION;
```

इथे `ads_staging` म्हणजे नुकताच आणलेला माल. तो अर्धाच आला असेल, तर वरच्या चार आज्ञा चांगला इतिहास पुसून टाकतील. म्हणून आधी तपासणी हवी, आणि तिच्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो खर्चाचा आकडा. प्रवेश महिनाभर हलत राहतात, त्यामुळे ते बदलले यावरून काही कळत नाही. जुन्या दिवसाचा खर्च मात्र जवळजवळ स्थिर असतो, बनावट क्लिक वगळल्याने थोडासा कमी होतो एवढेच. ३ जूनचा खर्च आज ४०,००० ऐवजी २६,००० आला, तर एखादे खाते किंवा काही पाने यायची राहिली आहेत असे समजावे आणि काम तिथेच थांबवावे.

दुसरी गफलत पुढच्या टप्प्यावर होते. रोजच्या तक्त्यावरून महिन्याचा तक्ता बनतो, आणि वेळ वाचवण्यासाठी तो बहुधा 'माझ्याकडच्या शेवटच्या तारखेनंतरचे' तेवढेच उचलतो. जुन्या तारखांत झालेला बदल त्याला दिसतच नाही. जूनची बेरीज दोन्ही तक्त्यांतून काढून पाहावी. फरक आला, तर दोष इथे आहे. ज्या तारखा बदलल्या, त्यांच्यावर उभे असलेले सगळे पुन्हा बांधायला हवे.

पण नुसते बदलत गेल्याने एक मोलाची गोष्ट हरवते. ४ जूनला आपल्याला काय दिसत होते? ५ जूनला कोणी मोहीम बंद केली असेल, तर तो निर्णय १० प्रवेश पाहून घेतला होता, २० पाहून नव्हे. बिगक्वेरी तक्त्याची मागची स्थिती दाखवते, पण जास्तीत जास्त ७ दिवसांपूर्वीची. म्हणून शेजारी एक वेगळा तक्ता ठेवावा, ज्यात फक्त भर पडते, पुसले काहीच जात नाही. त्यात दोन तारखा असाव्यात, क्लिकची आणि आकडा पाहिल्याची. ३ जूनच्या नावावर त्यात १०, १६, २० आणि १८ अशा चारही नोंदी राहतात.

याच तक्त्यातून ताजे दिवस वाचता येतात. समजा ३ जुलैच्या क्लिकचे ४ जुलैला ११ प्रवेश दिसतात. ते ३ जूनच्या आजच्या आकड्याशेजारी ठेवले, तर मोहीम ढासळल्यासारखी वाटेल आणि कोणीतरी चांगली चाललेली जाहिरात बंद करील. ३ जूनलाही पहिल्या सकाळी १० च होते. एक दिवस वयाच्या आकड्याची तुलना एक दिवस वयाच्या आकड्याशीच करायची. अहवालात शेवटचे ३० दिवस वेगळ्या रंगात दाखवून त्यावर 'आकडे अजून वाढतील' असे लिहिले, तरी बरेच चुकीचे निर्णय टळतात.

हा तक्ता आज सुरू केला नाही, तर तो नंतर मागे जाऊन भरता येत नाही. गूगलकडे जूनचे आकडे कधीही मागितले तरी मिळतात ते आजचे. जाहिरात दिसल्यापासून प्रवेशापर्यंत किती दिवस गेले याची फोड `segments.conversion_lag_bucket` देते आणि तिच्यावरून जुने चित्र अंदाजाने उभे करता येते. मात्र ती प्रवेश झाल्याची वेळ धरते, गूगलला कळवल्याची नव्हे. संस्थेने फी भरल्याच्या नोंदी आठवडाभराने पाठवल्या असतील, तर त्या ४ जूनलाच दिसत होत्या असे ही फोड सांगेल. प्रत्यक्षात त्या सकाळी त्या कोणाच्याच पडद्यावर नव्हत्या.