केक किती किलोचा, अंड्याचा की बिनअंड्याचा? वऱ्हाडी उन्हात मागणी नोंदवण्यापूर्वी...

वाढदिवस म्हटला की केक आलाच. अमरावती काय किंवा अकोला काय, संध्याकाळी कोणत्याही बेकरीच्या काउंटरवर उभे राहिले की तेच तीन प्रश्न कानी पडतात. किती किलो? एगलेस की साधा? फ्लेवर कोणता? ग्राहक घाईघाईने 'एक किलो, एगलेस, पाइनॅपल' असे सांगून मोकळा होतो आणि आगाऊ रक्कम देऊन निघतो. समारंभाच्या वेळी मात्र केक निम्म्या पाहुण्यांना पुरत नाही, क्रीम कडेने ओघळू लागते किंवा कडक शाकाहारी आजी 'यात अंडे नाही ना?' असे विचारतात, तेव्हा छातीठोकपणे उत्तर देणारे घरात कोणीच नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या वऱ्हाडात तर यातील प्रत्येक निर्णय थोडा अधिक विचार करून घ्यावा लागतो.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. अकोल्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलीचा पाचवा वाढदिवस आहे. पाहुणे चाळीस. त्यांत अठरा मुले आणि बावीस मोठी माणसे. घरात अंडे वर्ज्य आहे. केक संध्याकाळी सात वाजता कापायचा आहे.

वजनाचा हिशेब

केक डोळ्यांनी पाहून नव्हे, तर माणशी किती ग्रॅम द्यायचा हे ठरवून मागवावा. केकनंतर लगेच पूर्ण जेवण असेल तर माणशी ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो. केकबरोबर केवळ वेफर्स, समोसा आणि सरबत असेल तर ७५ ग्रॅम धरावे. म्हणजे आपल्या चाळीस पाहुण्यांना जेवण असल्यास दोन किलो आणि केवळ अल्पोपाहार असल्यास तीन किलो केक लागेल. मुलांना छोटे आणि मोठ्यांना मोठे तुकडे द्यायचे ठरवले, तर अठरा मुलांचे प्रत्येकी ५० ग्रॅमप्रमाणे ९०० ग्रॅम आणि बावीस मोठ्यांचे ७५ ग्रॅमप्रमाणे १६५० ग्रॅम, असे एकूण अडीच किलोच्या थोडे वर जाते. एक किलोच्या केकमध्ये 'दहा-बारा जण' हा काउंटरवर ऐकू येणारा अंदाज चांगल्या ऐसपैस तुकड्यांचा असतो, हे लक्षात ठेवावे.

अडीच किलोचा एकच सजवलेला केक घेण्याऐवजी अनेकदा दोन भाग करणे सोयीचे ठरते. कापण्यासाठी एक किलोचा सजवलेला केक आणि वाटण्यासाठी त्याच फ्लेवरचा दीड किलोचा साधा, चौकोनी, बिनसजावटीचा केक. सजावटीची मजुरी वाचते. वाटपाचा केक शेवटपर्यंत फ्रिजमध्ये राहू शकतो, हा त्याहून मोठा लाभ. गोल केक त्रिकोणी फोडींत कापला की तुकडे लहान-मोठे होतात. त्याऐवजी आडव्या-उभ्या रेघांनी चौकोनी तुकडे करावेत. साधारण आठ इंच व्यासाच्या एक किलोच्या केकचे दीड इंची चौकोन कापले, तर ५० ग्रॅमच्या आसपासचे वीस तुकडे सहज निघतात.

वजन करताना केकखालचा पुठ्ठा आणि खोके वगळले जाते का, हेही पाहावे. ग्राहक पैसे देतो ते आतील मालाचे. उंच दिसणाऱ्या मजली केकमध्ये खालचा मजला कधी कधी थर्माकोलचा असतो. सजावटीसाठी तो ठीक आहे, परंतु पाहुण्यांची संख्या मोजताना खाण्याजोगे वजन किती, हे आधीच विचारावे.

अंडे नसले म्हणजे काय होते?

केकच्या पिठात अंडे दोन कामे करते. ते फेटले की त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात आणि भट्टीच्या उष्णतेने त्यातील प्रथिने घट्ट होऊन केकचा सांगाडा तयार होतो. बिनअंड्याच्या केकमध्ये ही हवा दही किंवा व्हिनेगरसारखे आंबट आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून निघणाऱ्या वायूने भरून काढली जाते, तर कंडेन्स्ड मिल्कमुळे गोडवा व ओलावा येतो. अनेक बेकऱ्या आज तयार एगलेस मिश्रण वापरतात. असा केक बहुधा थोडा ओलसर आणि दाट होतो. दाटपणामुळे त्याच वजनाचा एगलेस केक आकाराने किंचित लहान दिसू शकतो. त्यात फसवणूकच आहे असे मानण्याचे कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. व्हॅनिलाचा सुगंध आणि साखरेच्या पाकात भिजलेला स्पंज यांमुळे केक चाखून त्यात अंडे आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून खात्री मागणी देतानाच करून घ्यावी लागते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गटात मोडतो. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ, तर मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वी मांसाहारी पदार्थांसाठीही वर्तुळच असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्याचा त्रिकोण झाला. तथापि, ताज्या केकच्या खोक्यावर आधीच छापलेले चिन्ह आतील विशिष्ट केकचेच असेल असे धरून चालू नये. पावतीवर 'एगलेस' हा शब्द लिहून घ्यावा. २०२२ पासून पावतीवर बेकरीचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे, तोही पाहून ठेवावा. घरगुती केक बनवणाऱ्यांनाही ही नोंदणी आवश्यक असते.

याखेरीज दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, एगलेस केकची भांडी, फेटणी आणि भट्टी वेगळी आहे का? ज्यांच्या घरी अंड्याचा स्पर्शही चालत नाही, त्यांच्यासाठी केवळ एगलेस केक बनवणारी बेकरी हाच निश्चिंत मार्ग. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मूस किंवा चकचकीत जेली असलेल्या केकमध्ये जिलेटिन आहे का? जिलेटिन प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून बनते. त्यामुळे केक बिनअंड्याचा असूनही शाकाहारी नसू शकतो. मिश्र पाहुणे असतील तेव्हा दोन प्रकारचे केक आणण्याचा मोह टाळावा. सुरी एकच असते आणि ताटल्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. आपल्या उदाहरणात दोन्ही केक एगलेसच घेतलेले बरे.

क्रीम कोणते?

'फ्रेश क्रीम' हा शब्द बेकरीत सैलपणे वापरला जातो. खरे दुधाचे क्रीम चवीला उत्तम, परंतु थंड नसेल तर ते लवकर बसते. बहुतेक ठिकाणी वापरले जाते ते वनस्पती तेलापासून बनवलेले 'व्हिप टॉपिंग'. ते फेटल्यावर फुलून कितीतरी पट होते, पांढरेशुभ्र दिसते आणि दुधाच्या क्रीमपेक्षा अधिक वेळ आकार धरते. मात्र खाल्ल्यावर टाळूला किंचित तेलकट थर जाणवतो. अशा स्निग्धांशातील ट्रान्स फॅटबद्दल पूर्वी आक्षेप घेतले जात. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणण्यात आली आहे. तिसरा प्रकार बटरक्रीमचा, म्हणजे लोणी किंवा वनस्पती तूप आणि पिठीसाखर. जुन्या केकांवरची टणक गुलाबाची फुले याचीच. लोण्याचे बटरक्रीम तिशीच्या वर तापमान गेले की मऊ पडू लागते, वनस्पती तुपाचे त्यापेक्षा थोडे अधिक तग धरते.

साखरेच्या लगद्याचे फॉन्डंट वितळत नाही, म्हणून बाहुल्या-मोटारींच्या केकसाठी ते वापरतात. वऱ्हाडात मात्र त्याचा शत्रू निराळा आहे. तो म्हणजे कूलर. फ्रिजमधून काढलेला केक कूलरच्या दमट वाऱ्यात ठेवला की त्यावर पाण्याचे थेंब जमतात, फॉन्डंट चिकट होते आणि रंग ओघळतात. केकचे टेबल कूलरच्या झोतापासून दूर ठेवावे. गडद लाल, काळ्या वा निळ्या रंगाच्या क्रीममध्ये खाद्यरंग पुष्कळ पडतो. त्याने चव कडवट होते आणि मुलांची तोंडे रंगतात. गडद रंग फक्त नावापुरता ठेवावा.

आपल्या मेमधील समारंभासाठी व्हिप टॉपिंगचा, कमी उंचीचा केक हा व्यवहार्य पर्याय आहे. दुधाच्याच क्रीमचा आग्रह असेल, तर वातानुकूलित खोली हवी.

फ्लेवर आणि ऋतू

पाइनॅपलची लोकप्रियता केवळ चवीमुळे नाही. डब्यातील अननस उष्णता देऊन टिकवलेला असतो. ताज्या अननसात ब्रोमेलिन हे विकर असते आणि ते दुधातील प्रथिनांचे विघटन करून क्रीम कडवट करते. डबाबंद करताना ते निष्प्रभ होते. म्हणून ताज्या अननसाचा हट्ट या केकपुरता सोडून द्यावा. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचा अभिमान असणाऱ्यांना संत्र्याचा केक हवासा वाटतो. मात्र संत्र्याच्या आंबट रसाने दुधाचे क्रीम फाटू शकते. त्यामुळे संत्र्याची साल किसून ती स्पंजमध्ये घालणे, हा अधिक खात्रीचा मार्ग. बेकरीत ऑरेंज फ्लेवर मागितला तर तो फळाचा की केवळ इसेन्सचा, हे विचारावे. ताज्या आंब्याच्या फोडी उन्हाळ्यात छान लागतात, पण त्यांना पाणी सुटते. असा केक त्याच दिवशी संपवावा. चॉकलेट आणि बटरस्कॉच या दृष्टीने कमी त्रासाचे.

घरी आणताना

मागणी किमान एक दिवस आधी द्यावी, म्हणजे केक तयार झाल्यावर बेकरीच्या फ्रिजमध्ये तीन-चार तास व्यवस्थित थंड होतो. केक दुपारी आणू नये, उन्हे उतरल्यावर आणावा. दुचाकीवर मांडीवर धरून आणण्यापेक्षा मोटारीत पायाशी, सपाट जागेवर खोके ठेवणे सुरक्षित. डिकी तापलेली असते. अमरावतीच्या आवडत्या बेकरीतून अकोल्याला केक न्यायचा, तर अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. गाडी वातानुकूलित नसेल तर अशा प्रवासासाठी क्रीमचा केक न घेता साधा स्पंज किंवा फळांचा केक न्यावा आणि क्रीमचा केक अकोल्यातच करून घ्यावा.

समारंभात केक कापण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच फ्रिजबाहेर काढावा. बत्तीस अंशांहून अधिक तापमानात क्रीमचा केक तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. तळाशी पाणी साचणे, आंबट वास आणि क्रीमचा पिवळेपणा या बिघडल्याच्या खुणा आहेत. पण जंतू वाढलेला केक दिसायला पूर्णपणे चांगलाही असू शकतो. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला तुकडा सकाळी मुलांच्या हाती देऊ नये.

शेवटी केकवरचे नाव. मराठीत लिहायचे असेल तर ते सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून द्यावे. फोनवर सांगितलेल्या 'क्षितिजा'चे 'शितीजा' व्हायला वेळ लागत नाही. केक घरी नेण्यापूर्वी खोके उघडून नाव, फ्लेवर आणि पावतीवरचा 'एगलेस' हा शब्द, या तीन गोष्टी काउंटरवरच पडताळून घ्याव्यात.