चार कोटी भागिले किती शेअर?

"तुमच्या कंपनीचं व्हॅल्युएशन आम्ही चार कोटी धरतो आणि एक कोटी गुंतवतो." पहिल्यांदाच बाहेरचं भांडवल घेणाऱ्या संस्थापकाला एंजल गुंतवणूकदाराकडून असं वाक्य ऐकायला मिळतं, तेव्हा त्याच्या मनात चार कोटींचा आकडा घर करतो. खरं तर या वाक्यातून कंपनीचा किती हिस्सा जाणार हे अजून ठरलेलंच नसतं. पाचवा भाग जाईल, चौथा जाईल, किंवा पाचवा म्हणता म्हणता संस्थापकांकडचे तीस टक्के कमी होतील. हे सगळं त्या एकाच वाक्यात बसतं. म्हणून चार कोटींपेक्षा त्यामागचा एक भागाकार समजून घेणं जास्त गरजेचं आहे. हे चार कोटी नेमक्या किती शेअरनी भागायचे?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, नाशिकला दोन मैत्रिणींनी द्राक्ष निर्यातदारांच्या शीतगृहांतलं तापमान मोजून मोबाइलवर कळवणारं यंत्र तयार केलं आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कंपनीचे दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर आहेत. एकीकडे ६,०००, दुसरीकडे ४,०००. आता एक कोटी घेऊन गुंतवणूकदार आला आहे. तो या दोघींचे शेअर विकत घेत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. कंपनी नवे शेअर तयार करून त्याला देते आणि पैसे कंपनीच्या खात्यात येतात. दोघींचे शेअर १०,०००च राहतात, पण एकूण शेअर वाढल्यामुळे त्यांची टक्केवारी घटते. यालाच डायल्यूशन म्हणतात.

चार कोटी हे 'प्री-मनी', म्हणजे पैसे येण्याआधीचं मूल्य असेल, तर एका शेअरची किंमत चार कोटी भागिले १०,०००, म्हणजे ४,००० रुपये. एक कोटीत गुंतवणूकदाराला २,५०० शेअर मिळतात. एकूण १२,५०० शेअर होतात आणि त्याचा हिस्सा २० टक्के. तेच चार कोटी 'पोस्ट-मनी', म्हणजे त्याचा एक कोटी धरून असतील, तर आधीची कंपनी तीन कोटींचीच ठरते. शेअर ३,००० रुपयांना जातो आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २५ टक्के होतो. फोनवर हा फरक ऐकू येत नाही. तो टर्मशीटमध्ये लिहून घ्यावा लागतो. पोस्ट-मनी म्हणणारा फसवतोच असं नाही. आपला हिस्सा नेमका किती हे त्याला एका फटक्यात कळतं, म्हणून पुष्कळ गुंतवणूकदार तसंच बोलतात. संस्थापकाने मात्र दोन्ही आकडे स्वतः मांडून पाहावेत.

इथपर्यंतचं बहुतेकांना कोणी ना कोणी समजावून सांगतं. खरा हिस्सा जातो तो पुढच्या ओळीत, आणि ती ओळ साधारण अशी असते: 'गुंतवणुकीनंतरच्या पूर्ण डायल्यूटेड भांडवलाच्या दहा टक्के ईसॉप पूल प्री-मनीमध्ये धरला जाईल.' ईसॉप पूल म्हणजे पुढे नेमायच्या कर्मचाऱ्यांना शेअरचा हक्क देता यावा म्हणून बाजूला ठेवलेला साठा. कल्पना चांगली आहे आणि गरजेचीही. उत्तम इंजिनिअरला मोठ्या कंपनीचा पगार देता येत नाही, तेव्हा हाच साठा उपयोगी पडतो. प्रश्न इतकाच आहे की तो कोणाच्या वाट्यातून काढायचा.

नाशिकच्या कंपनीत ही ओळ घालून पाहू. प्री-मनी चार कोटी, पोस्ट-मनी पाच कोटी. गुंतवणूकदाराचे २० टक्के पक्के, पूलचे १० टक्के पक्के. उरलेले ७० टक्के दोघींचे. त्यांचे १०,००० शेअर म्हणजे ७० टक्के, तर एकूण शेअर सुमारे १४,२८६ हवेत. पाच कोटींना त्यांनी भागलं की एका शेअरची किंमत येते ३,५०० रुपये. म्हणजे दोघींच्या हातातल्या १०,००० शेअरांचं मोल साडेतीन कोटी झालं. बोलणी चार कोटींची झाली होती. अर्धा कोटी कुठे गेला? अजून नेमलेही नाहीत अशा कर्मचाऱ्यांचा पूल चार कोटींच्या पोटात बसवला आणि तो पूर्णपणे दोघींच्या वाट्यातून निघाला. हाच पूल गुंतवणुकीनंतर सर्वांकडून सारखा काढला असता, तर दोघींकडे ७२ टक्के आणि गुंतवणूकदाराकडे १८ टक्के राहिले असते.

गुंतवणूकदार हे सहसा मान्य करत नाही. माझ्या मते त्याबद्दल भांडण्यात फारसा अर्थही नाही. भांडायचं ते दहा या आकड्यावरून. पुढच्या दीड वर्षात कोणाकोणाला नेमायचं आणि प्रत्येकाला किती द्यावं लागेल याची यादी करा. बेरीज सहा टक्के आली, तर ती यादी समोर ठेवून सहाच टक्के मागा. मग दोघींकडे ७४ टक्के राहतात आणि शेअर ३,७०० रुपयांना जातो. 'पूल थोडा कमी करा ना' म्हणण्याने काही हलत नाही, नावानिशी पदांची यादी दाखवली की हलतं.

दोघींनी शेवटी दहा टक्केच मान्य केले असं धरू. दोन वर्षांनी कंपनी चांगली चालली आणि १६ कोटी प्री-मनीवर चार कोटी आले. पोस्ट-मनी २० कोटी, नव्या गुंतवणूकदाराला २० टक्के. म्हणजे आधीच्या प्रत्येकाकडे पूर्वीच्या हिश्श्याचे ऐंशी टक्के उरले. पहिल्या मैत्रिणीचे ४२ टक्के आता ३३.६ झाले. पण शेअरची किंमत ३,५०० वरून ११,२०० रुपयांवर गेली, त्यामुळे कागदावरचं मोल दोन कोटी दहा लाखांवरून सहा कोटी ७२ लाखांवर गेलं. टक्का घटला म्हणून घाबरायचं कारण नाही, हे सांगायला हे गणित पुरेसं आहे.

घाबरायचं ते उलट्या परिस्थितीला. समजा, दुसऱ्या वेळी बाजार थंड होता, दोन मोठे ग्राहक गेले आणि कंपनीला एक कोटी १,७५० रुपये भावाने, म्हणजे आधीच्या निम्म्या किमतीत घ्यावे लागले. याला डाउन राउंड म्हणतात. नवे ५,७१४ शेअर निघाले आणि एकूण २०,००० झाले. दोघींकडे बरोबर ५० टक्के उरले. पण गोष्ट इथे थांबत नाही, कारण पहिल्या गुंतवणूकदाराच्या करारात अँटी-डायल्यूशनचं कलम असतं. भारतात त्याला सहसा साधे शेअर देत नाहीत, सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर देतात. त्यांचे पुढे किती साधे शेअर व्हायचे हा भाव या कलमाने बदलतो.

कलम 'फुल रॅचेट'चं असेल, तर त्याचा ३,५०० चा भाव थेट १,७५० वर येतो आणि त्याचे २,८५७ शेअर दुप्पट होतात. दोघींचा हिस्सा ४३.७५ टक्क्यांवर घसरतो. एक रुपयाही जास्त न आणता पहिल्या गुंतवणूकदाराचं सगळं नुकसान त्यांच्याकडून आणि पूलमधल्या कर्मचाऱ्यांकडून भरून निघतं. 'ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज'चं कलम असेल, तर आलेला पैसा एकूण भांडवलाच्या मानाने केवढा आहे ते पाहून भाव खाली येतो. जुन्या भावाने त्या एक कोटीत २,८५७ शेअर निघाले असते, प्रत्यक्षात ५,७१४ निघाले. त्यावरून भाव ३,५०० चा ३,००० होतो, पहिल्या गुंतवणूकदाराचे शेअर ३,३३३ होतात आणि दोघींकडे जवळपास ४८.८ टक्के राहतात. पन्नास आणि ४८.८ मधला फरक सोसता येतो, ४३.७५ चा सोसत नाही. फुल रॅचेटवर सही करू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

आणि म्हणूनच पहिल्या राउंडला जमेल तेवढं मोठं व्हॅल्युएशन ओढून घेण्यात धोका आहे. पहिला भाव जितका फुगलेला, तितका पुढचा राउंड डाउन होण्याचा संभव अधिक, आणि हे कलम जागं होण्याचाही. २०१२ पासून आपल्याकडे फुगीर भावाला आणखी एक भीती होती. शेअरच्या वाजवी मूल्यापेक्षा जास्त मिळालेली रक्कम आयकर खातं कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर लावू शके. तो 'एंजल टॅक्स' जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला. तरी प्रेफरन्शियल अलॉटमेंटसाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल कंपनी कायद्याप्रमाणे आजही लागतो.

टक्केवारीचं आणि मतांचं गणित वेगळं असतं, हेही पाहून ठेवावं. पूलमधले न दिलेले शेअर व्हॅल्युएशनच्या भागाकारात धरतात, पण ते अस्तित्वातच आलेले नसल्याने मत देत नाहीत. पहिल्या राउंडनंतर दोघींचा डायल्यूटेड हिस्सा ७० टक्के दिसतो, पण गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरना साध्या शेअरइतकीच मतं दिली असली तरी दोघींची मतं ७७.८ टक्के भरतात. हे महत्त्वाचं आहे, कारण कंपनीची नियमावली बदलायची किंवा नव्या गुंतवणूकदाराला शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो, आणि त्याला किमान ७५ टक्के मतं हवीत. चांगल्या भावाच्या दुसऱ्या राउंडनंतरही दोघींची मतं ६१ टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणजे विशेष ठराव त्या एकट्या करू शकत नाहीत. शिवाय करारात 'राखीव विषयां'ची यादी असते. त्यातल्या गोष्टींना, मतं कितीही असोत, गुंतवणूकदाराची संमती लागते. टक्क्यांवरून तासन्‌तास घासाघीस होते आणि ही यादी न वाचता सही होते, असं फार वेळा घडतं. यादीत कंपनी विकणं, नवे शेअर काढणं असावं, ते रास्त आहे. पण एखाद्या कर्मचाऱ्याची नेमणूक किंवा पाच लाखांचा खर्चही त्यात असेल, तर ते तिथून काढायला लावा.

पैसा आल्यावरही एक चूक सर्रास होते. अशा खाजगी वाटपातली रक्कम स्वतंत्र बँक खात्यात घ्यावी लागते, आणि शेअर वाटपाचा पीएएस-३ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत ती वापरता येत नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर दिले नाहीत, तर ते परत करावे लागतात. खात्यात एक कोटी दिसले म्हणून त्याच आठवड्यात त्यातून पगार काढणाऱ्या कंपनीला पुढच्या राउंडच्या तपासणीत याचा जाब द्यावा लागतो.

तेव्हा टर्मशीटवर सही करण्याआधी गुंतवणूकदाराला एकच गोष्ट मागा: राउंडनंतरचा कॅप टेबल, पूलसकट, शेअरच्या संख्येत आणि टक्क्यांत. मग तुमच्याकडे उरलेल्या शेअरना त्यातल्या भावाने गुणा. जो आकडा येईल तेच तुमच्या कंपनीचं खरं प्री-मनी व्हॅल्युएशन आहे, आणि बोलणी त्या आकड्यावर करा.