सव्वातीन फुटी नकाशा आणि आठ जीबीचा लॅपटॉप

जुन्या गावनकाशाचं स्कॅन पेन ड्राइव्हवर मिळतं, फाइल शंभरेक एमबीची दिसते आणि वाटतं, एवढंच ना! मग ती फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. पंखा घोंघावायला लागतो, माउसचा बाण अडखळतो आणि ब्राउझरसुद्धा हलेनासा होतो. लॅपटॉप जुना झाला, असा निष्कर्ष बहुतेक जण इथंच काढतात. मला तो घाईचा वाटतो, कारण अडचण यंत्रात नसून काम करायच्या पद्धतीत असते.

आधी हिशेब पाहू. माझ्यासमोरचा नकाशा कापडावर चिकटवलेला, ४० इंच रुंद आणि २७ इंच उंच आहे. ६०० डीपीआयला स्कॅन केला की त्याचे २४,००० गुणिले १६,२०० पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास ३९ कोटी. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट लागतात. डिस्कवर फाइल दाबून ठेवलेली असल्यामुळे ती लहान दिसते, पण उघडल्यावर मेमरीत ती १.१७ जीबी जागा घेते. एक जादा लेयर घेतला की आणखी तेवढीच जागा. पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी, आणि प्रत्येक मोठ्या बदलाआधीची अवस्था ‘अनडू’साठी जपलेली असते, ती वेगळी. पाच जीबी कधी ओलांडले ते कळतही नाही. आठ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझरने तीन-चार जीबी आधीच घेतलेले असतात. उरलेलं मेमरीत मावत नाही म्हणून यंत्र ते डिस्कवर लिहायला आणि परत वाचायला लागतं. टास्क मॅनेजर उघडून पाहावं: डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं दिसलं तर दुखणं हेच आहे.

त्यावरचा उपाय असा, की अख्खा नकाशा कधी उघडायचाच नाही. त्यासाठी लिबव्हिप्स ही मोफत प्रणाली मला सर्वांत भरवशाची वाटते. तिची मुळं १९८९ साली सुरू झालेल्या ‘वसारी’ या युरोपीय प्रकल्पात आहेत. चित्रं अतिशय बारकाईने स्कॅन करण्याचा तो प्रकल्प होता आणि लंडनची नॅशनल गॅलरी त्यात होती. त्या काळच्या संगणकांची मेमरी आजच्या मानाने नगण्य होती, त्यामुळे पूर्ण चित्र मेमरीत घ्यायची सोयच नव्हती. जात्यात मूठमूठ वैरण घालावी तशी ही प्रणाली चित्राचा थोडा भाग आत घेते, त्यावरची प्रक्रिया उरकते, बाहेर लिहिते आणि पुढचा भाग घेते. तिला खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. पण लागतात त्या जेमतेम सहा-सात.

सुरुवातीला फाइलची रचना बदलून घ्यायची. बहुतेक स्कॅनर टिफ फाइल आडव्या पट्ट्यांत लिहितात. अशा फाइलमधून मधला छोटा चौकोन हवा असला, तरी त्या उंचीवरच्या सगळ्या पट्ट्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत उलगडाव्या लागतात. तीच फाइल २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल्समध्ये लिहून घेतली, तर आपल्या नकाशाच्या सहा हजारांवर टाइल्स होतात आणि छोट्या तुकड्यासाठी त्यांतल्या शे-सव्वाशेच वाचाव्या लागतात. सोबतच एक प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती लहान प्रत, करून घ्यायची:

```
vips copy scan.tif "naksha.tif[tile,tile-width=256,tile-height=256,compression=deflate]"
vipsthumbnail naksha.tif --size 3000 -o proxy.tif
```

प्रॉक्सीची रुंदी ३,००० मुद्दाम घेतली आहे. २४,००० भागिले ३,००० म्हणजे बरोबर आठ, त्यामुळे प्रॉक्सीवरच्या कोणत्याही जागेचा आकडा आठने गुणला की मूळ नकाशातली जागा सापडते. २,८०० घेतली असती तर दर वेळी अपूर्णांक आले असते आणि तुकडा एखाद-दुसऱ्या पिक्सेलने सरकला असता. ही प्रॉक्सी मेमरीत अठरा एमबीची असते. गिंपमध्ये ती क्षणात उघडते.

प्रॉक्सीवर कोणते निर्णय घ्यायचे आणि कोणते नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण चुका इथंच होतात. कागदाचा पिवळेपणा किती कमी करायचा, शाई किती गडद ठेवायची, हे सगळं प्रॉक्सीवर ठरवता येतं. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे बदलतो, शेजारच्या पिक्सेलशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे लहान प्रतीवर सापडलेले आकडे मोठीवर जसेच्या तसे चालतात. धूसरपणा घालवणं, धार आणणं, कण पुसणं ही कामं मात्र शेजारच्या पिक्सेलांवर अवलंबून असतात. प्रॉक्सीत आठ गुणिले आठ पिक्सेलांचा मिळून एक झालेला असतो. मूळ स्कॅनमध्ये दोन पिक्सेल जाडीचा धाग्याचा ओरखडा तिथं जवळजवळ दिसतच नाही. प्रॉक्सीवर एका पिक्सेलच्या त्रिज्येने आलेली धार मूळ नकाशावर आणायची तर त्रिज्या आठच्या आसपास घ्यावी लागते, आणि तरीही परिणाम हुबेहूब येत नाही. अशा गोष्टी पूर्ण आकाराचा एखादा तुकडा कापून, शंभर टक्के मोठा करूनच ठरवाव्यात.

आता प्रत्यक्ष डागाकडे वळू. नकाशाच्या मधल्या घडीवर, ओढ्याच्या रेषेला लागून शाई सांडलेली आहे. प्रॉक्सीवर हा डाग आडवा १,४२० ते १,६९० आणि उभा ६१० ते ८६० एवढ्या जागेत आहे. आठने गुणलं की मूळ नकाशात ११,३६० ते १३,५२० आणि ४,८८० ते ६,८८०. चहूबाजूंनी २०० पिक्सेल जागा सोडली, म्हणजे डावी कड ११,१६०, वरची ४,६८०, रुंदी २,५६० आणि उंची २,४००:

```
vips crop naksha.tif t_11160_4680.tif 11160 4680 2560 2400
```

तुकड्याच्या नावातच त्याची जागा लिहून ठेवायची. आठवड्याने परत कामाला बसल्यावर हे आकडे आठवत नाहीत. हा तुकडाही अठरा एमबीचाच आहे. गिंपमध्ये तो उघडून क्लोन टूलने डाग हळूहळू उतरवायचा, पण कडेच्या २०० पिक्सेलांच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. त्या पट्ट्यामुळेच तुकडा परत बसवल्यावर सांधा दिसत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तेच अस्पर्श पिक्सेल असतात.

परत बसवण्याआधी एक अडथळा हमखास येतो. गिंपमधून बाहेर काढलेल्या तुकड्याला कधी कधी पारदर्शकतेचा चौथा थर चिकटलेला असतो, आणि तीन थरांच्या नकाशात चार थरांचा तुकडा बसत नाही. आज्ञा त्रुटी दाखवून थांबते. म्हणून एक्स्पोर्ट करताना आधी `Image → Flatten Image` करावं आणि `vipsheader` या आज्ञेने फाइल तपासावी. उत्तर असं यायला हवं:

```
t_11160_4680.tif: 2560x2400 uchar, 3 bands, srgb, tiffload
```

मापं तीच आणि `3 bands` दिसलं की पुढे जायला हरकत नाही:

```
vips insert naksha.tif t_11160_4680.tif "naksha2.tif[tile,compression=deflate]" 11160 4680
```

नवी फाइल नेहमी नव्या नावाने लिहावी. वाचायची आणि लिहायची फाइल एकच दिली, तर वाचून होण्याआधीच ती पुसली जाऊ शकते आणि मग हाती काहीच राहत नाही. तुकडा बसल्यावर सांध्याभोवतीचा थोडा भाग पुन्हा कापून दोनशे टक्क्यांवर पाहावा. एका पिक्सेलची चूकही तिथं लगेच कळते, कारण शेताच्या बांधाची सरळ रेषा सांध्यावर पायरीसारखी तुटलेली दिसते.

कधी अख्ख्या नकाशावरच एखादा फिल्टर चालवायचा असतो आणि तो फक्त गिंपमध्येच असतो. तेव्हा नकाशाचे चार गुणिले तीन असे बारा भाग करावेत, प्रत्येक ६,००० गुणिले ५,४००चा. यात दोन धोके आहेत. पहिला कडेचा: फिल्टरला शेजारचे पिक्सेल लागतात आणि तुकड्याच्या कडेपलीकडे ते नसतात, त्यामुळे प्रत्येक कडेवर फिकट किंवा गडद रेघ उमटते. म्हणून शेजारी दुसरा भाग असलेल्या बाजूंना शंभर पिक्सेल जादा घेऊन कापावं आणि फिल्टर चालवल्यावर ती पट्टी छाटून टाकावी. गॉसियन ब्लरसारख्या फिल्टरला दिलेल्या आकड्याच्या तिप्पट जागा पुरते, तेव्हा वीसच्या आतल्या आकड्याला शंभर भरपूर झाले. मग `vips arrayjoin` ही आज्ञा `--across 4` देऊन चालवली की बारा तुकडे एकाच फेरीत जुळतात.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. ऑटो लेव्हल्स, ऑटो कॉन्ट्रास्ट असल्या आज्ञा समोरच्या चित्रातला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग पाहून स्वतःच आकडे ठरवतात. गावठाणाच्या तुकड्यात शाई दाट असते, माळरानाच्या तुकड्यात जवळपास कोराच कागद. दोघांना वेगवेगळे आकडे मिळतात आणि जोडलेला नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. तुकडा एकेकटा पाहताना हे मुळीच कळत नाही. म्हणून तुकड्यावर ‘ऑटो’ नावाचं काहीही वापरू नये. जोडल्यावर पुन्हा प्रॉक्सी काढून पाहावी. पट पडला असेल तर तो लहान आकारातच स्वच्छ दिसतो.

रंगाचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवतो. डाग मूळ रंगांतच काढून झाले की प्रॉक्सीवर कोऱ्या कागदाचा रंग मोजायचा. या नकाशात तो लाल २२६, हिरवा २१०, निळा १८० असा भरला. कागद अगदी पांढरा केला तर त्याचं जुनेपण जातं, म्हणून मी २३५, २२९, २१४ हे लक्ष्य ठरवलं. भागाकाराने तीन गुणक मिळतात, आणि संपूर्ण नकाशावर एकाच फेरीत ते लागू होतात:

```
vips linear naksha2.tif "final.tif[tile,compression=deflate]" "1.04 1.09 1.19" 0 --uchar
```

इथं एक मर्यादा लक्षात ठेवावी. निळ्याचा मूळ आकडा २१४च्या वर असेल, तर गुणाकार २५५ला जाऊन थांबतो आणि तिथले बारकावे कायमचे सपाट होतात. नकाशाबाहेरच्या पांढऱ्या कडेत ते चालेल, पण चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने केलेल्या खुणा असतील तर आधी प्रॉक्सीवर त्यांचे आकडे पाहावेत आणि गुणक कमी करावा.

डाग काढताना कुठं थांबायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. शाईखाली झाकलेली बांधाची रेषा अंदाजाने ओढू नये, सर्व्हे नंबरचा पुसट आकडा स्वतःहून ठळक करू नये. अशा नकाशांवरून भावकीत वाद चालू असतात आणि सुधारलेली प्रत उद्या कोणी पुरावा म्हणून दाखवेल. `scan.tif` जशी आली तशीच वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि बदललेल्या तुकड्यांची यादी तिच्या शेजारी असू द्यावी. नावांत आकडे असल्यामुळे ती यादी आपोआपच तयार झालेली असते.

भिंतीवर लावायला मूळ मापाचा प्रिंट हवा असेल तर ३०० डीपीआय पुरेसे आहेत, म्हणजे १२,००० गुणिले ८,१०० पिक्सेल. `vips resize final.tif print.tif 0.5` एवढ्या आज्ञेत ती प्रत तयार होते. मेमरीत ती तीनशे एमबीच्या आत बसते, त्यामुळे प्रिंटिंगच्या दुकानातला संगणकही ती विनातक्रार उघडतो.