मनमाडला गाडी बदलताना

छत्रपती संभाजीनगरहून काशीला निघालेल्या बऱ्याच कुटुंबांचा प्रवास मनमाडला दोन तुकड्यांत विभागला जातो. संभाजीनगर ते मनमाड हे अंतर जेमतेम 113 किलोमीटर. तिथे उतरायचे, फलाट बदलायचा आणि मुंबईहून वाराणसीकडे जाणारी गाडी पकडायची. पुढचा टप्पा सुमारे साडेबाराशे किलोमीटरचा. हे तिकीट दोन प्रकारे काढता येते. एक म्हणजे संभाजीनगर ते वाराणसी असे सलग तिकीट, ज्यात दोन्ही गाड्यांचे आरक्षण असते. दुसरे म्हणजे मनमाडपर्यंतचे एक आणि मनमाडपासूनचे दुसरे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे. डबे तेच, बर्थही तसेच. तरीही दोन्हींचे पैसे वेगळे होतात आणि पहिली गाडी रखडली तर प्रवाशाच्या हाती उरणारे हक्कही वेगळे असतात.

आधी पैशांचे पाहू. रेल्वेचे भाडे प्रत्येक किलोमीटरला सारखे नसते. अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरमागचा आकार कमी होत जातो. सलग तिकिटावर मनमाडनंतरचे किलोमीटर आधीच्या 113 किलोमीटरांच्या पुढे मोजले जातात, म्हणून ते स्वस्त पडतात. दोन तिकिटे काढली की मनमाडला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि सुरुवातीचे महाग किलोमीटर दोनदा भरावे लागतात.

याहून मोठा फरक किमान अंतराच्या नियमामुळे पडतो आणि नेमका तोच अनेकांना ठाऊक नसतो. आरक्षित वर्गांत रेल्वे एका ठरावीक अंतरापेक्षा कमी भाडे घेतच नाही. स्लीपरसाठी हे अंतर 200 किलोमीटर आहे, तर थ्री-टियर एसीसाठी 300. म्हणजे संभाजीनगर ते मनमाड थ्री-टियरचे वेगळे तिकीट काढले तर प्रवास 113 किलोमीटरचा, पण भाडे 300 किलोमीटरचे. पुढच्या साडेबाराशेची भर घातली की माणशी सुमारे 1,550 किलोमीटरचे भाडे होते. सलग तिकिटावर तेच अंतर सुमारे 1,360 धरले जाईल. न केलेल्या पावणेदोनशेहून अधिक किलोमीटरचे पैसे, तेही महाग टप्प्यातले, आणि घरातले चौघे निघाले असतील तर चौपट.

ज्या प्रवासात एक टप्पा फार छोटा आहे, तिथे हा नियम सर्वांत जास्त बोचतो. दोन्ही टप्पे सातआठशे किलोमीटरचे असतील तर किमान अंतराचा प्रश्नच येत नाही. मग उरतो तो फक्त उतरत्या दराचा फरक.

आता गाडी चुकण्याचा प्रसंग. समजा, पहिली गाडी मनमाडला सकाळी साडेआठला पोहोचायला हवी आणि वाराणसीची गाडी सव्वादहाला आहे. पावणेदोन तासांचे अंतर कागदावर पुरेसे दिसते. पण पहिली गाडी वाटेत रखडली आणि अकराला पोहोचली. वाराणसीची गाडी निघून गेलेली आहे.

सलग तिकीट हातात असेल, तर 2015 च्या परतावा नियमांप्रमाणे रेल्वे केलेल्या प्रवासाचे भाडे ठेवून घेते आणि उरलेली रक्कम परत करते. रद्द करण्याचा आकार कापला जात नाही, कारण चूक प्रवाशाची नाही. अट एकच आणि ती कडक आहे : पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करायला हवे. आपल्या उदाहरणात घड्याळ अकराला सुरू होते, साडेआठला नाही आणि सव्वादहालाही नाही. दुपारी दोनपर्यंत मनमाडच्याच खिडकीवर काम उरकावे लागते. पर्यायी गाडीची शोधाशोध करण्यात ही मुदत सहज निघून जाते, म्हणून आधी खिडकी आणि मग पुढची सोय, हा क्रम पाळावा.

हातात एकमेकांशी न जोडलेली दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर चित्र उलटे होते. रेल्वेच्या लेखी मनमाड ते वाराणसी हा एक वेगळा करार आहे आणि त्या गाडीला प्रवासी हजर राहिला नाही, एवढीच नोंद होते. तो का आला नाही, हे ते तिकीट सांगू शकत नाही. गाडी सुटून गेल्यावर पक्क्या तिकिटाचा परतावा मिळत नाही, त्यामुळे मोठ्या टप्प्याचे सगळे भाडे बुडते.

या अन्यायावर 1 एप्रिल 2019 पासून एक उतारा आला. दोन पीएनआर एकमेकांशी जोडता येऊ लागले. पहिले तिकीट काढल्यावर दुसरे काढताना ते त्याच्याशी जोडून घ्यायचे. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे सलग तिकिटासारखेच परत मिळतात. ऑनलाइन तिकिटाला आरक्षणाचा तक्ता लागून गेल्यावर त्यासाठी तीन तासांच्या आत टीडीआर भरावा लागतो. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावे आणि तपशील तंतोतंत जुळायला हवेत. पहिला प्रवास जिथे संपतो तिथूनच, किंवा त्याच शहरातल्या जोडस्थानकातून, दुसरा सुरू व्हायला हवा. मनमाडला उतरून नाशिक रोडहून पुढची गाडी पकडणाऱ्याला हे संरक्षण मिळणार नाही.

मात्र सलग तिकीट असो वा जोडलेले पीएनआर, दोन्हींत पैसे परत मिळतात, पुढच्या गाडीत जागा मिळत नाही. संध्याकाळच्या गाडीचे तिकीट नव्याने काढावे लागते आणि ऐन सुट्टीत बर्थ मिळेलच असे नाही. म्हणून दोन गाड्यांमध्ये दोन-तीन तासांऐवजी चार-पाच तास ठेवणे वृद्ध आईवडिलांसोबत निघालेल्यांना परवडते.

मग स्वतंत्र तिकिटांचा उपयोग कधी? मनमाडहून शिर्डी जवळ आहे. साईदर्शन करून दोन दिवसांनी पुढे जायचे ठरवले तर सलग तिकीट चालत नाही. चोवीस तासांच्या आत पुढची गाडी पकडली तर ती फक्त गाडीबदल मानली जाते, पण त्याहून जास्त थांबणे म्हणजे प्रवासखंड. तो 500 किलोमीटरहून लांबच्या तिकिटावरच मिळतो आणि पहिले 500 किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. मनमाड 113 वर आहे. प्रयागराज मात्र त्या मर्यादेच्या पुढे आहे, त्यामुळे संगमावर दोन दिवस थांबून काशी गाठणे सलग तिकिटावर शक्य असते. उतरल्यावर स्थानकात तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि पुढच्या गाडीचे आरक्षण स्वतंत्रपणे पाहावे लागते.

दुसरा प्रसंग म्हणजे छोटा टप्पा अनारक्षित डब्यातून किंवा एसटीने करण्याचा. तो नक्कीच स्वस्त पडतो. पण अनारक्षित तिकिटाला पीएनआर नसतो, त्यामुळे ते कशाशी जोडता येत नाही आणि उशिराचा धोका पूर्णपणे प्रवाशाचा होतो. असे जायचे असेल तर आदल्या रात्रीच मनमाड गाठलेले बरे.

ऑनलाइन आरक्षणात दोन गाड्यांचे असे सलग तिकीट मिळत नाही, तिथे जोडलेल्या पीएनआरचाच मार्ग आहे. सलग तिकिटासाठी आरक्षण केंद्राच्या खिडकीवर जावे लागते. तिथल्या अर्जात तळाशी पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाचा तपशील लिहायला जागा असते. बहुतेक अर्जांत ती कोरीच राहते. तिथे मनमाड ते वाराणसीच्या गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहून, दोन्ही गाड्यांचे मिळून एकच तिकीट हवे आहे, हे कारकुनाला पैसे देण्याआधी तोंडी सांगावे.