‘मला झोप येत नाही’ हा भरवसा किती खरा?

सर्दीची गोळी घेऊन गाडीला किल्ली लावणारा माणूस म्हणतो, “मला कुठे झोप येतेय?” हाच भरवसा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने तपासून पाहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४० जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामिन हे जुनं ॲलर्जीचं औषध, फेक्सोफेनाडिन हे नवं औषध, दारू आणि औषध नसलेली गोळी दिली. पुढच्या गाडीचा वेग बदलेल तसा आपला वेग जुळवताना जुन्या औषधावरच्या लोकांची गत दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट झाली. शिवाय कोणाला किती झोप येतेय, यावरून तो कशी गाडी चालवेल याचा अंदाज नीट बांधता येईना.

कारण मेंदूत आहे. हिस्टामिनमुळे नाक वाहतं, पण मेंदूला जागं ठेवण्याचं कामही तेच करतं. जुनी औषधं सहज मेंदूत शिरून तिथलं हिस्टामिनचं काम अडवतात. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. सेटिरिझिन या दोन्हींच्या मधलं: बऱ्याच जणांना काही होत नाही, काहींना चांगलीच पेंग येते.

आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. तेही जुन्या गटातलं, आणि शरीरातून फार सावकाश जातं. समजा, लेथवर काम करणाऱ्या एकाने रात्री अकराला अशी गोळी घेतली आणि सकाळी सातला तो पाळीवर उभा राहिला. हे औषध रक्तात निम्मं व्हायला साधारण वीस तास लागतात. म्हणजे त्याच्या अंगात रात्रीच्या औषधाचा पाऊण हिस्सा अजून आहे. दिवसातून तीनदा गोळी चालू असेल तर आधीचं औषध संपत नाही तोच नवं त्यात पडतं. “रात्री घेतली, सकाळी उतरली” हा हिशेब इथे चुकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलं असेल, तर गोळ्या चालू आहेत तोवर आणि शेवटच्या गोळीनंतर निदान एक दिवस गाडी आणि यंत्र दोन्ही टाळावं. चहाने तरतरी वाटते, पण त्यावर विसंबून गाडी काढू नये. बरोबर दारू किंवा झोपेची गोळी असेल, तर गुंगी कितीतरी वाढते.

सेटिरिझिनची पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना लक्ष ठेवायला सांगावं. एकच माप दोनदा वाचावं लागणं, नेहमीचं वळण चुकणं, ब्रेक उशिरा लागणं, ही लक्षणं जांभईच्या आधीही दिसू शकतात.

झोप आणणारी गोळी फिट्स, नैराश्य किंवा तीव्र दुखण्यासाठी दिलेली असेल, तर ती मनाने बंद करू नये. आपण गाडी चालवतो की प्रेस मशीन, हे डॉक्टरांना सांगितलं तर वेळ किंवा औषध बदलता येतं का, ते पाहतील. केमिस्टकडे नुसती “सर्दीची गोळी द्या” म्हणण्याऐवजी “गाडी चालवायची आहे, झोप न आणणारी कोणती?” असं विचारावं.