उत्तराआधीची शांतता

दोन माणसं बोलताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात बोलू लागतो. बोलत्या चॅटबॉटला मात्र बरेचदा दोन-चार सेकंद लागतात. पलीकडून आवाज आला नाही की माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो. हा वेळ जातो कुठे?

समजा, कुणी फोनवर विचारलं, ‘उद्या नाशिकला जाणारी पहिली गाडी किती वाजता आहे?’ बोलणं संपलं हे ओळखण्यासाठी यंत्रणा शांततेची वाट पाहते. ७०० मिलिसेकंद धरू. मग आवाजाचा मजकूर होतो: ३०० मिलिसेकंद. भाषा-मॉडेल पूर्ण उत्तर लिहितं: दोन सेकंद. त्या उत्तराचा आवाज तयार होतो: आणखी एक सेकंद. एकूण चार सेकंद.

प्रत्येक टप्पा आधीचा पूर्ण होईपर्यंत थांबतो, म्हणून हा वेळ साठत जातो. त्यावर उपाय म्हणजे टप्पे एकमेकांवर चढवणं. माणूस बोलत असतानाच मजकूर करत राहायचा, म्हणजे शेवटी फार तर १०० मिलिसेकंदांचं काम उरतं. मॉडेलचं पहिलं वाक्य ५०० मिलिसेकंदांत तयार झालं की लगेच ते आवाजाकडे द्यायचं. त्याचा पहिला तुकडा २०० मिलिसेकंदांत ऐकू येतो आणि तो वाजत असताना पुढचं वाक्य तयार होतं. आता एकूण दीड सेकंद लागतो. इथे एक खोच आहे. टिंब दिसलं की वाक्य संपलं असं मानणारा प्रोग्रॅम ‘६.१५ वाजता’ याचे दोन तुकडे करतो आणि ‘सहा’ म्हणून मध्येच थांबतो. म्हणून वेळ आधी ‘सव्वासहा’ अशी अक्षरांत लिहून घ्यावी लागते.

या दीड सेकंदातला जवळपास निम्मा वेळ पहिल्या शांततेचा आहे. ती ३०० मिलिसेकंदांवर आणली, तर ‘उद्या... नाशिकला...’ असं आठवत बोलणाऱ्याला यंत्र मध्येच तोडतं. त्यामुळे शांततेबरोबर शब्दही पाहावे लागतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. ‘नाशिकला’वर थांबलेलं बोलणं अपुरं धरून जास्त थांबायचं, ‘आहे?’ आल्यावर लगेच उत्तराला लागायचं. पण नुसतं ‘नाशिकला’ हे ‘कुठे जायचंय?’चं पूर्ण उत्तरही असू शकतं, म्हणून यंत्राने आधी काय विचारलं होतं तेही पाहावं लागतं.

यंत्र बोलत असताना माणूस मध्येच बोलला, तर आवाज तत्काळ थांबवायचा आणि न ऐकवलेला भाग संभाषणाच्या नोंदीतून काढायचा. तसं न केल्यास मॉडेल समजतं की गाडीची वेळ सांगून झाली, आणि ऐकणाऱ्याला ती कळलेलीच नसते.

मोजमाप घ्यायचं ते माणसाचा शेवटचा शब्द संपल्यापासून त्याच्या कानावर पहिला आवाज पडेपर्यंतचं. सरासरी चांगली असूनही दहातला एक कॉल तीन सेकंद अडकत असेल, तर आधी त्या कॉलमधला प्रत्येक टप्पा तपासावा.