पैठण, पुणे, अमेरिका आणि आता कॅनडा : पोलिसांचे दाखले कसे मिळवावेत?

परदेशात कायम राहण्यासाठी अर्ज केला की, आपल्यावर गुन्हा नोंद नाही असा पोलिसांचा दाखला मागतात. त्याला सगळे ‘पीसीसी’ म्हणतात. आपण बऱ्याच ठिकाणी राहिलेले असाल, तर किती दाखले लागतील आणि आधी कोणता काढायचा, इथेच घोळ होतो.

एक उदाहरण घेऊ. पैठणची एक तरुणी २०१५ पासून पुण्यात नोकरीला होती. ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२२ ती अमेरिकेत होती. आता ती पैठणला घरी राहते आणि कॅनडाच्या कायम रहिवासासाठी ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या योजनेतून अर्ज करते आहे.

पहिली पायरी यादीची. गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या ज्या देशात आपण सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला दाखला कॅनडाला लागतो. इथे शहरे नव्हे, देश मोजायचे. म्हणून पुणे आणि पैठण मिळून भारताचा एक दाखला, आणि अमेरिकेचा दुसरा. ऑस्ट्रेलियाचा हिशेब वेगळा आहे. तिथे तुटक राहिलेले दिवसही जोडतात आणि एकूण बारा महिने भरले की दाखला लागतो. म्हणून जिथे जायचे, त्याच देशाचा नियम आधी वाचावा.

दुसरी पायरी तारखांची. आपण सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्ज भरताना सहा महिन्यांपेक्षा जुना नको. पूर्वी राहिलेल्या देशाचा दाखला तिथला शेवटचा मुक्काम संपल्यानंतरचा हवा. समजा, या तरुणीने २०२१ मध्ये अमेरिकेत असतानाच तो काढून ठेवला होता. तो चालणार नाही, कारण त्यानंतरही ती तिथे राहिली. आता काढला, तर पुन्हा तिथे राहायला जाईपर्यंत तो कामी येतो. म्हणून अमेरिकेचा दाखला आधी आणि भारताचा नंतर, हा क्रम बरा.

तिसरी पायरी अमेरिकेची. तिथे राज्याराज्यांचे दाखले लागत नाहीत. एफबीआय ही केंद्रीय तपास संस्था एकच अहवाल देते. edo.cjis.gov वर अर्ज भरून शुल्क द्यायचे आणि दहाही बोटांचे ठसे ठरलेल्या कागदावर पाठवायचे. ठसे जिल्हा पोलिसांच्या अंगुलिमुद्रा विभागात घेतले जातात का, याची आधी चौकशी करावी.

सर्वांत जास्त अडते ते ठशांवर. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून ठसा उमटवायचा असतो. शाई जास्त झाली की रेषा बुजतात, कमी झाली की तुटतात. भिंगाखाली प्रत्येक रेघ सुटी दिसली तरच ठसा चांगला समजावा. बोटे शेतीकामाने किंवा रसायनांनी झिजलेली असतील, तर आदल्या काही दिवसांपासून हातांना तेल लावावे, पण ठसे देण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. ठशांचे दोन-तीन संच पाठवले, तर एक फसला तरी दुसरा उपयोगी पडतो.

चौथी पायरी भारताची. passportindia.gov.in वर अर्ज भरून ५०० रुपये भरावे लागतात. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट केंद्रांतूनही ही सेवा मिळते. पैठणकरांना छत्रपती संभाजीनगरच्या छावणी टपाल कार्यालयातले केंद्र जवळ पडते. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या सही केलेल्या प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा. कोणत्या देशासाठी हवा ते नीट लिहावे, कारण दाखल्यावर देशाचे नाव छापून येते. कॅनडासाठीचा दाखला ऑस्ट्रेलियासाठी चालत नाही.

इथली नेहमीची चूक पोलीस ठाणे निवडण्याची. पैठण तालुका छत्रपती संभाजीनगर ग्रामीण पोलिसांकडे येतो, शहर आयुक्तालयाकडे नव्हे. शिवाय तालुक्यात पैठण, पैठण एमआयडीसी, बिडकीन आणि पाचोड अशी वेगवेगळी ठाणी आहेत. ठाणे चुकले की अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. आपले गाव कोणत्या हद्दीत आहे ते आधी विचारून घ्यावे.

नावही जपावे. लग्नाआधीचे आडनाव, वडिलांचे नाव कधी मध्ये आणि कधी गाळलेले, असे जे जे नाव वापरले ते प्रत्येक अर्जात सारखे नोंदवावे.

कॅनडाचे बोलावणे आल्यावर पूर्ण अर्जासाठी ६० दिवस मिळतात. ठसे फेटाळले गेले, तर हा काळ कमी पडू शकतो. तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता एफबीआयचा अर्ज आजच भरावा. तरीही दाखला वेळेत आला नाही, तर अर्ज केल्याचा पुरावा आणि उशिराचे कारण सांगणारे पत्र जोडावे.